सराव कोणत्या वर्षाचा, ते आधी लिहून द्या

प्रति: बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत नीट आणि सीईटीच्या सराव-चाचण्या व प्रश्नसंच विकणारे ॲपचालक आणि प्रकाशक, शिकवणी वर्गांचे संचालक, पदवीपूर्व महाविद्यालयांचे प्राचार्य, अभ्यासिकांचे चालक
प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: पदवीपूर्व शिक्षण विभाग, बीदर, कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, बेंगळुरू
प्रेषक: नौबाद परिसरातील विद्यार्थी व पालकांची संघटना
विषय: सराव-चाचण्या चालू नियमांशी व अभ्यासक्रमाशी ताडून मगच विकण्याबाबत

महोदय,

नौबादमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहून पीयूसी सायन्स करणारी आमची मुले भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या भागांतली आहेत. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, बाजारात कन्नड असा त्यांचा दिवस जातो. यातली बरीच मुले नीट आणि कर्नाटक सीईटी या दोन्ही परीक्षा देतात. सीमेपलीकडे लातूर-उदगीरला नातेवाईक असल्यामुळे काही जण महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही देतात. परीक्षा तीन असल्या तरी मोबाईलवर ॲप मात्र एकच असते, कारण तीन टेस्ट सिरीजचे पैसे कोणाकडे नसतात. त्या एका ॲपच्या पहिल्या पानावर ‘लेटेस्ट पॅटर्न’ असे लिहिलेले असते. ते कोणत्या कागदाच्या आधारे लिहिले, हे कुठेही दिलेले नसते. आमची तक्रार याच ठिकाणी सुरू होते.

परीक्षेचे बाहेरचे स्वरूप आणि आतला अभ्यासक्रम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगवेगळ्या तारखांना बदलतात आणि वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेल्या असतात. नीटचेच घ्या. 2021 ते 2024 या काळात पेपरात 200 प्रश्न असत. प्रत्येक विषयाच्या ‘सेक्शन बी’मध्ये 15 पैकी कोणतेही 10 सोडवायचे, म्हणजे एकूण 180 प्रश्न होत. 2022 पासून त्यासाठी 200 मिनिटे मिळत होती. 25 जानेवारी 2025 रोजी एनटीएने सूचना काढून ही निवडीची सोय बंद केली. तेव्हापासून 180 प्रश्न आहेत, सगळे अनिवार्य, आणि वेळ 180 मिनिटे. फिजिक्स 45, केमिस्ट्री 45, बायोलॉजी 90. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक, हे तसेच राहिले.

या बदलानंतरही आमच्या एका मुलाच्या ॲपवर केमिस्ट्रीचा पेपर उघडला की 36 व्या प्रश्नावर `Attempt any 10` अशी पट्टी येत होती आणि वरचे घड्याळ 200 मिनिटांपासून उलटे मोजायला सुरुवात करत होते. मुलाला त्यात काही वावगे दिसले नाही. त्याने दुसरा पेपर पाहिलाच नव्हता. या चुकीची किंमत मोजता येते. 200 मिनिटांत 180 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सुमारे 67 सेकंद. ती गती हाताला बसलेला मुलगा 180 मिनिटांच्या पेपरात 162 प्रश्नांपर्यंत पोहोचतो. उरलेले 18 प्रश्न, म्हणजे 72 गुण, त्याने वाचलेलेही नसतात. शिवाय 15 पैकी सोपे 10 निवडून मिळवलेला सरावातला स्कोअर हा खऱ्या पेपरातला स्कोअर नव्हे. त्या आकड्यावर विसंबून पालक पुढच्या वर्षाच्या फीचा हिशेब मांडतात.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. घड्याळ आणि प्रश्नसंख्या पाहिली की पाच मिनिटांत पकडता येते. दुसरी चूक दिसत नाही, आणि ती अधिक नुकसान करते. 2020 पर्यंतही नीटचा पेपर 180 प्रश्नांचा आणि तीन तासांचाच होता. म्हणजे 2018 किंवा 2019 साठी तयार केलेला प्रश्नसंच आज जसाच्या तसा विकायला काढला, तर बाहेरून तो अगदी ‘लेटेस्ट पॅटर्न’चा दिसतो. प्रश्नसंख्या जुळते, वेळ जुळते, निगेटिव्ह मार्किंग जुळते. आत मात्र नीट 2024 च्या आधीचा अभ्यासक्रम असतो. काही विक्रेत्यांनी निवडीचा सेक्शन काढून घड्याळ दुरुस्त केले आणि प्रश्न जुन्याच साठ्यातून ओढले, तरी परिणाम तोच. ‘पॅटर्न अपडेट केला’ हे उत्तर म्हणूनच आम्ही पुरेसे मानत नाही.

नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, ठरवतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आयोगाने नीट 2024 साठी सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, हायड्रोजन, एस-ब्लॉक, मेटलर्जी, पॉलिमर्स, केमिस्ट्री इन एव्हरीडे लाइफ, एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्री हे भाग गेले. बायोलॉजीतून पचनसंस्थेचा आणि वनस्पतींच्या खनिज पोषणाचा धडा गेला. फिजिक्समध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकरण राहिले, पण त्यातला ट्रान्झिस्टर गेला. डायोड, झेनर आणि लॉजिक गेट राहिले. प्रकरणांच्या नुसत्या नावांची यादी जुळवून भागत नाही, ते यासाठीच. यादीत ‘इलेक्ट्रॉनिक्स’ दिसते, टिक होते, आणि आत ट्रान्झिस्टरचे चार प्रश्न बसलेले असतात.

जादा प्रश्नांपेक्षा जास्त काळजी आम्हाला गळालेल्या प्रश्नांची वाटते. एनसीईआरटीने पुस्तके हलकी केली तेव्हा बारावीच्या केमिस्ट्रीतून पी-ब्लॉकचे प्रकरण काढले. ते पाहून काही प्रश्नसंचांनी पी-ब्लॉक पूर्ण वगळला. पण नीटच्या अभ्यासक्रमात ग्रुप 13 ते 18 पर्यंतचा पी-ब्लॉक आजही आहे. तिथे ‘प्रिन्सिपल्स रिलेटेड टू प्रॅक्टिकल केमिस्ट्री’ हे युनिट आहे, फिजिक्समध्ये ‘एक्स्पेरिमेंटल स्किल्स’चे युनिट आहे, आणि दोन्ही युनिट्सचे प्रश्न जुन्या संचांत शोधून सापडत नाहीत. जादा प्रश्न आला तर मुलाचा वेळ जातो, आणि एखादा हुशार मुलगा ‘सर, हे तर काढलंय’ असे म्हणतोही. जे विचारलेच जात नाही त्याबद्दल कोण तक्रार करणार? म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, असा आमचा आग्रह आहे.

यात सीमेवरची एक अडचण आहे. बेंगळुरू किंवा पुण्यात बसलेल्या ॲपवाल्यांच्या ती ध्यानात येत नाही. कर्नाटकातील पदवीपूर्व महाविद्यालयांत सायन्सला एनसीईआरटीची पुस्तके आहेत. महाराष्ट्रात बालभारतीची आहेत, आणि त्यांच्या बारावीच्या केमिस्ट्रीचा पहिलाच धडा सॉलिड स्टेट आहे. पॉलिमरचाही धडा आहे. त्यामुळे एमएचटी-सीईटी देणाऱ्याला सॉलिड स्टेट करावेच लागते, आणि नीट देणाऱ्याला ते करून उपयोग नाही. लातूरहून आणलेला प्रश्नसंच चुकीचा नसतो, तो दुसऱ्या परीक्षेचा असतो. नौबादच्या झेरॉक्सच्या दुकानात तो ‘नीट-सीईटी दोन्हींसाठी’ म्हणून विकला जातो, तेव्हा चूक होते. ‘सीईटी’ या एका शब्दात दोन राज्यांच्या दोन परीक्षा येतात. एमएचटी-सीईटी संगणकावर होते आणि तिच्यात गणिताच्या प्रश्नाला दोन गुण असतात. कर्नाटकची सीईटी ओएमआर पत्रिकेवर होते, प्रत्येक विषयाला 60 प्रश्न आणि 80 मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला एक गुण. निगेटिव्ह मार्किंग दोन्हीकडे नाही, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नसतो. नीटच्या सवयीने प्रश्न सोडून देणारी मुले इथे हातचे गुण घालवतात. तिन्ही परीक्षांसाठी एकच गुणपद्धत लावणारे ॲप ही सवय रोज पक्की करत असते.

ही भीती आम्ही कल्पनेने रंगवलेली नाही. 18 आणि 19 एप्रिल 2024 रोजी झालेल्या कर्नाटक सीईटीत खुद्द प्रश्नपत्रिकेतच वगळलेल्या धड्यांवरचे प्रश्न आले. विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापकांनी आवाज उठवला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि शेवटी 50 प्रश्न मूल्यमापनातून वगळावे लागले: फिजिक्सचे 9, केमिस्ट्रीचे 15, गणिताचे 15, बायोलॉजीचे 11. केमिस्ट्रीच्या 60 पैकी 15 म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा. गुण वगळले गेले, वेळ मात्र परत मिळाला नाही. त्या 15 प्रश्नांशी झगडताना ज्याने पाच-सहा सोपे प्रश्न सोडले, त्याचे नुकसान कोणत्याही सूत्राने भरून निघाले नाही. आणखी एक गोष्ट. ती 2024 ची प्रश्नपत्रिका आज प्रत्येक ॲपमध्ये ‘मागील वर्षाचा पेपर’ म्हणून आहे. तिच्यातले ते 50 प्रश्न खूण करून वेगळे दाखवलेले नसतील, तर मुले ते चालू अभ्यासक्रमाचे समजून पाठ करतात. जुन्या पेपरचा सराव करू नका, असे आम्ही म्हणत नाही. सराव जरूर करावा, पण कोणता प्रश्न आता लागू नाही हे त्या प्रश्नाच्या शेजारी लिहिलेले हवे.

उत्तरसूचीचाही प्रश्न आहे. 5 मे 2024 च्या नीटमध्ये फिजिक्सला अणूविषयी दोन विधानांचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात अशा अर्थाचे वाक्य होते. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे झाले. त्या एका शब्दावर उत्तर फिरले. एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत घेतले गेले आणि चौथा पर्याय हेच एक उत्तर ठरले. जुन्या पुस्तकावरून दुसरा पर्याय लिहिलेल्या चार लाखांवर मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार काढले आणि एक उणे झाला. भाऊ-बहिणींची जुनी पुस्तके वापरणारी मुले आमच्याकडे घरोघरी आहेत. ॲपमधल्या स्पष्टीकरणाखाली ‘एनसीईआरटीनुसार’ एवढेच लिहून चालणार नाही. कोणत्या वर्षाच्या आवृत्तीनुसार, ते लिहायला हवे.

तपासणी कशी करावी, हे आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. ती अवघड नाही. एका विषयाला एका शिक्षकाची एक दुपार पुरते. आधी मूळ कागद समोर ठेवायचे: त्या वर्षाची नीटची माहिती पुस्तिका `neet.nta.nic.in` वरून, अभ्यासक्रम `nmc.org.in` वरून, आणि कर्नाटक सीईटीची माहिती `cetonline.karnataka.gov.in/kea` वरून. यूट्यूबवरचा ‘डिलीटेड सिलॅबस’चा व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ हा मूळ कागद नव्हे. मग ॲपमधले कोणतेही दोन पूर्ण पेपर घ्यायचे. विक्रेत्याने दाखवायला दिलेला फुकटचा डेमो घ्यायचा नाही, कारण तो नेहमी नवा केलेला असतो. मधलेच कोणतेतरी, उदाहरणार्थ सातवा आणि एकोणिसावा. नीटच्या अभ्यासक्रमात फिजिक्सची 20, केमिस्ट्रीची 20 आणि बायोलॉजीची 10 युनिट्स आहेत. प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे युनिट क्रमांकाने लिहायचे आणि युनिटखालच्या ओळीत तो मुद्दा खरोखर आहे का, ते वाचायचे. ज्या प्रश्नाला क्रमांक सापडत नाही तो जादा. सगळे झाले की उलट मोजायचे: कोणत्या युनिटसमोर एकही प्रश्न पडला नाही? एका पेपरात एखादे युनिट रिकामे राहू शकते. दोन्ही पेपरांत तेच युनिट रिकामे असेल, तर संपूर्ण साठ्यात त्याचे प्रश्न शोधायचे.

घाईत असलेल्या पालकाला याहून छोटी वाट आहे. ॲपमध्ये शोधाची सोय असेल तर नीटच्या संचात `unit cell`, `froth flotation`, `Bakelite`, `transistor` हे शब्द टाकून पाहावेत. चालू म्हणवणाऱ्या पेपरांत ते सापडले तर साठा जुना आहे. मग `logic gate` आणि `xenon` टाकावेत. ते न सापडणे हीही धोक्याची खूण आहे. मात्र एका शब्दावरून निकाल देऊ नये. `adsorption` हा शब्द सरफेस केमिस्ट्रीत होता तसा क्रोमॅटोग्राफीतही येतो, आणि क्रोमॅटोग्राफी अभ्यासक्रमात आहे. शब्द सापडला की प्रश्न उघडून वाचावाच लागतो. या तपासणीची मर्यादाही आम्ही जाणतो. प्रश्न अभ्यासक्रमातला आहे की नाही, एवढेच तिच्यातून कळते. तो प्रत्यक्ष परीक्षेइतका अवघड आहे का, त्याचे उत्तर बरोबर आहे का, हे शिक्षकालाच पाहावे लागते.

वरील कारणांवरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ॲपचालक, प्रकाशक आणि शिकवणी वर्ग यांच्याकडे आमची मुख्य मागणी अशी की, प्रत्येक चाचणीच्या पहिल्या पानावर, पैसे घेण्याआधी दिसेल अशा जागी, चार गोष्टी लिहाव्यात: परीक्षेचे पूर्ण नाव, कोणत्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेप्रमाणे स्वरूप ठरवले, कोणत्या तारखेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे प्रश्न निवडले, आणि ताळा शेवटचा केव्हा केला. नमुना म्हणून: ‘नीट यूजी. 2025 पासूनचे स्वरूप, 180 प्रश्न, 180 मिनिटे. एनएमसीचा ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झालेला अभ्यासक्रम. पुढे बदल जाहीर झालेला नाही, हे अमुक तारखेला तपासले.’ ‘लेटेस्ट’, ‘अपडेटेड’, ‘नव्या पॅटर्नवर’ हे शब्द या चार ओळींशिवाय वापरू नयेत. प्रत्येक प्रश्नाला युनिट क्रमांक द्यावा आणि स्पष्टीकरणाखाली पुस्तकाच्या आवृत्तीचे वर्ष द्यावे. जुने प्रश्न फेकून देण्याची गरज नाही. ते ‘जुना अभ्यासक्रम’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवावेत आणि पूर्ण पेपरात मिसळू नयेत. विद्यार्थ्याने चूक कळवली तर सात दिवसांत उत्तर द्यावे, आणि संच जुना निघाला तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत.

प्राचार्य आणि अभ्यासिकांचे चालक यांनी एकगठ्ठा टेस्ट सिरीज घेण्याआधी वर सांगितलेली दुहेरी तपासणी एका विषय शिक्षकाकडून करून घ्यावी आणि तो तक्ता सूचना फलकावर लावावा. कोणत्या पेपरात काय सापडले, हे मुलांना वाचता आले पाहिजे. एका अभ्यासिकेने तक्ता लावला की शेजारच्या अभ्यासिकेलाही तो वापरता येईल, प्रत्येकाने नव्याने खटाटोप करायची गरज नाही.

पदवीपूर्व शिक्षण विभागाकडे आमची विनंती आहे की, वगळलेल्या व ठेवलेल्या भागांची यादी शैक्षणिक वर्ष सुरू होतानाच, तारीख आणि सहीसह, प्रकरणाच्या आतल्या मुद्द्यांपर्यंत उतरून प्रसिद्ध करावी. बीदर जिल्ह्यात ती मराठी आणि उर्दूतही मिळावी, कारण फी भरणारे आई-वडील त्या भाषा वाचतात. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने सीईटीच्या माहितीपुस्तकात तीच यादी जोडावी आणि 2024 च्या प्रश्नपत्रिकांची संकेतस्थळावरची प्रत वगळलेल्या 50 प्रश्नांवर खूण करून ठेवावी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी शिकवणी क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील उणिवेबद्दल दाद मागण्याची सोय आहे. दोनशे मिनिटांचे घड्याळ लावून 180 मिनिटांच्या परीक्षेचा सराव विकणे ही आमच्या मते सेवेतील उणीव आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ज्यांना आपला संच आमच्यासमोर तपासून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आमच्यातले तीन विषय शिक्षक रविवारी दुपारी नौबादला बसायला तयार आहेत. संच बरोबर निघाला तर तसे लिहूनही देऊ. मुदतीत उत्तर न आल्यास जुन्या संचांचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तपासणीचे तक्ते घेऊन आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पावत्या आणि स्क्रीनशॉट जमा करण्याचे काम आम्ही सुरू केले आहे.

आपले,
नौबाद परिसरातील विद्यार्थी व पालकांच्या संघटनेचे पदाधिकारी